पुण्यातली निगेटिव्ह चाचणी इंग्लंडमधली पॉझिटिव्ह खोडून काढते का?

वाचकाचं पत्र

मी 58 वर्षांची आहे, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहते. सप्टेंबरात एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून घरी स्टूल टेस्टचं किट आलं, मी ते करून पोस्टात टाकलं. उत्तर आलं, ‘पुढील तपासणी आवश्यक’. नर्सची अपॉइंटमेंट मी पुढे ढकलली, कारण मला काहीही त्रास नाही. जुनी मूळव्याध आहे आणि मी रोज ऍस्पिरिनची छोटी गोळी घेते, त्यामुळेच थोडं रक्त आलं असणार. डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा तिथल्या लॅबमध्ये तीच टेस्ट पुन्हा केली, ती निगेटिव्ह आली. आता कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात नळी घालून करायची तपासणी, टाळली तर चालेल ना? पुण्यातला माझा भाऊ 52 वर्षांचा आहे, त्यानेही ही टेस्ट करावी का? माझ्या नवऱ्याचं (वय 62) किट कपाटात तसंच पडून आहे. त्यांचं हिमोग्लोबिन हल्ली कमी आलंय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून मीही फार मागे लागले नाही.

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी पुण्याच्या रिपोर्टबद्दल बोलू, कारण तुमचा सगळा भरवसा त्या कागदावर आहे. सरळ सांगायचं तर त्या निगेटिव्हने सप्टेंबरातली पॉझिटिव्ह रद्द होत नाही. त्या लॅबने काम नीट केलं असेल, तरीही नाही.

तुम्ही इंग्लंडमध्ये केली ती ‘फिट’ चाचणी. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त ती शोधते. तुमच्या किटमधल्या काडीवर बारीक खाचा होत्या, आठवतंय? त्या खाचांत साधारण 10 मिलिग्रॅम शौच बसतं, म्हणजे मोहरीच्या तीन-चार दाण्यांच्या वजनाइतकं. तेवढ्यावरून मशीन दर ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन आहे ते मोजतं. इंग्लंडच्या कार्यक्रमात बरीच वर्षं 120 ही रेषा धरली गेली आहे. तेवढं किंवा त्याहून जास्त निघालं की ‘पुढील तपासणी आवश्यक’ असं पत्र येतं. स्कॉटलंडने हीच रेषा 80 वर ठेवली आहे.

120 म्हणजे किती रक्त, याचा एक ढोबळ हिशेब करून बघा. दिवसाला 150 ग्रॅम शौच धरलं तर त्यात 18 मिलिग्रॅम हिमोग्लोबिन येतं. एक मिलिलिटर रक्तात सुमारे 130 मिलिग्रॅम हिमोग्लोबिन असतं. म्हणजे दिवसभरात जेमतेम तीन थेंब रक्त. एवढं रक्त शौचात मिसळलं तर भांड्यात काहीच दिसत नाही. पोटात दुखत नाही आणि अशक्तपणाही लगेच येत नाही. ‘मला काहीच त्रास नाही’ असं तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. पण ही चाचणी मुळात त्रास नसलेल्या माणसांसाठीच काढली आहे, त्यामुळे त्रास नसणं हा तिच्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

आता दुसऱ्या चाचणीकडे येऊ. आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, किंवा गाठ रोज सारखं रक्त गाळत नाही. शौच घासून गेलं की थोडं रक्त येतं, मग चार दिवस काहीच नाही, असं चालतं. आलेलं रक्तही शौचात सगळीकडे सारखं पसरत नाही. त्यामुळे आज या टोकाला काडी फिरवली तर रक्त सापडेल आणि पुढच्या आठवड्यात सापडणार नाही, हे अगदी शक्य आहे. कॅन्सर असतानाही एकाच वेळी केलेल्या फिटमध्ये तो सापडण्याचं प्रमाण चारातले साधारण तीन इतकंच आहे. मोठे पॉलिप तर निम्म्याहून जास्त वेळा निसटतात. म्हणून तर ही चाचणी दर ठरावीक काळाने पुन्हा करायला सांगतात. तुम्ही मात्र ‘पुन्हा’चा अर्थ वेगळा लावलात. निगेटिव्ह आलेल्या माणसाने काही काळाने पुन्हा करायची असते. पॉझिटिव्ह आलेल्याने निगेटिव्ह येईपर्यंत करत राहायची नसते.

शिवाय पुण्यात नेमकी कोणती चाचणी झाली, हेही रिपोर्टवर बघा. ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ एवढंच लिहिलं असेल तर ती जुनी ग्वायाक पद्धतीची असू शकते. त्या पद्धतीत आदल्या दिवशीचं मटण किंवा मुळ्याची कोशिंबीर निकाल बिघडवू शकते, आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या असलेलं रक्त लपवू शकतात. ती कार्डावर रेघ बघायची इम्युनो चाचणी असेल तर त्यात आकडा नसतो, फक्त हो की नाही. आणि ती रेघ किती रक्ताला उमटते, ते कार्ड बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. आकडा आला असला तरी तो बहुधा ‘नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर’ असा असतो, ते माप वेगळं आहे. इंग्लंडमधल्या आकड्याशेजारी तो तसाच ठेवता येत नाही.

मूळव्याधीचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक जण काढतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. मूळव्याधीतून आलेलं रक्त फिटमध्ये पकडलं जाऊ शकतं. पण आपल्याकडे पन्नाशीनंतर मूळव्याध कोणाला नसते? मूळव्याध असणाऱ्या माणसाला पॉलिप होत नाहीत असा काही नियम नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि रक्त नेमकं कुठून आलं हे आत बघितल्याशिवाय कळत नाही.

ऍस्पिरिनचं थोडं वेगळं आहे. लोकांना वाटतं की गोळीमुळे जठराला सूज येते, तिथून रक्त येतं आणि ते शौचात दिसतं. पण फिटमधली प्रतिपिंडं माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन हे प्रथिन ओळखतात. जठरातून किंवा लहान आतड्यातून आलेल्या रक्तातलं हे प्रथिन खाली उतरेपर्यंत पचून जातं. म्हणून फिट मुख्यतः मोठ्या आतड्याबद्दल सांगते, जठराबद्दल फारसं काही सांगत नाही. याच कारणाने फिटच्या आधी मटण, बीट किंवा लोहाच्या गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत. (हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत लागणार आहे.) ऍस्पिरिनमुळे मोठ्या आतड्यातला एखादा पॉलिप जरा लवकर रक्त गाळू लागला असेल, हे शक्य आहे. पण मग गोळीने तुम्हाला पॉलिप दाखवून दिला असंच म्हणावं लागेल.

आता भीती. शंभर जणांनी किट पाठवलं तर इंग्लंडमध्ये साधारण दोघांना तुमच्यासारखं पत्र येतं. त्या पत्राचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. पत्र आल्यावर कोलोनोस्कोपी करणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांना कॅन्सर नसतो. बऱ्याच जणांना, ढोबळ मानाने निम्म्यांना, पॉलिप सापडतात. हे पॉलिप पुढे कॅन्सर होऊ शकतील असे असतात, आणि बहुतेक वेळा त्याच बैठकीत तारेच्या फासाने कापून काढले जातात. या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा इथे आहे, कारण फिट नुसतं शोधते, पण पॉलिप काढून टाकला की तिथून होऊ शकणारा कॅन्सरच टळतो. उरलेल्यांना मूळव्याध, सूज असं काहीतरी निघतं किंवा काहीच निघत नाही.

आणि नाहीच केली तर? इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात फिट पॉझिटिव्ह आलेल्या एक लाखाहून जास्त लोकांचा दहा वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष 2022 साली आले. कोलोनोस्कोपी न करणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, करणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून जास्त होते. उशिराचं म्हणाल तर 2017 मधल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पहिल्या महिन्यात कोलोनोस्कोपी केलेल्यांत आणि आठ-नऊ महिन्यांपर्यंत केलेल्यांत ठळक फरक दिसला नव्हता, दहा महिन्यांनंतर मात्र धोका वाढत गेला. तुमचे चार-पाच महिने गेलेत. रात्रीची झोप उडावी इतकं काही बिघडलेलं नाही, पण हा अवधी पुरवून पुरवून वापरण्यासाठीही नाही. सोमवारी सकाळी पत्रावरच्या स्क्रीनिंग सेंटरला फोन करा. पत्र हरवलं असेल तर इंग्लंडसाठीची मोफत हेल्पलाइन 0800 707 60 60 आहे. ‘मी अपॉइंटमेंट पुढे ढकलली होती, आता हवी आहे’ एवढं पुरतं.

मग काय होईल? आधी स्क्रीनिंग नर्स तुमच्याशी बोलेल, फोनवर किंवा समोर. ही भेट औपचारिक समजू नका. तुमची सगळी औषधं, आधीची ऑपरेशनं, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह हे सगळं तिला सांगा. ऍस्पिरिन साधारणपणे चालूच ठेवतात. पण क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, अपिक्साबॅन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळ्या सूचना मिळतात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि चालूही ठेवू नयेत, विचारावं. लोहाच्या गोळ्या मात्र आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्याने आतडं काळपट होतं आणि नीट दिसत नाही. पुण्याचा रिपोर्टही तिला खुशाल दाखवा. ती वाचेल आणि तरीही तारीख देईल.

तपासणीपेक्षा आधीची तयारी त्रासदायक असते, हे एंडोस्कोपी विभागात काम केलेला कोणीही सांगेल. एक-दोन दिवस कमी चोथ्याचं खायचं असतं आणि हॉस्पिटलच्या यादीत मॅश्ड पोटॅटो आणि व्हाइट टोस्ट असतो. आपल्या घरात त्याचं भाषांतर असं: मऊ पांढरा भात, दही, सालं काढलेला बटाटा, अंडं, मासा, चिकन चालतं. भाकरी, पोळी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, तीळ, दाण्याचं कूट, पेरू आणि बियांच्या भाज्या नकोत. आपले लोक इथेच चुकतात. ‘हलकं खा’ म्हटलं की मुगाची उसळ किंवा फळं खातात, आणि मग सकाळी आतडं साफ नसल्याने तपासणी अर्धवट सोडावी लागते. त्यानंतर फक्त पातळ, आरपार दिसणारे पदार्थ: पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप. कोकम सरबत तेवढं घेऊ नका, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. रेचकाचं औषध बहुधा दोन हप्त्यांत घ्यायचं असतं. दुसरा हप्ता पहाटे घ्यावा लागला तरी चुकवू नका, उजव्या बाजूचं आतडं त्यानेच स्वच्छ होतं.

तपासणी साधारण अर्धा ते पाऊण तास चालते. झोपेचं इंजेक्शन घेतलंत तर घरी न्यायला कोणीतरी हवं, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही. धोका शून्य नसतो. आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण दीड ते दोन हजारांत एक असं सांगितलं जातं आणि पॉलिप काढल्यावर कधीकधी रक्तस्राव होतो. निरोगी माणसाने उगाच करून घ्यावी अशी ही तपासणी नाही, हे मला मान्य आहे. पण तुमच्या बाबतीत आता ती ‘उगाच’ राहिलेली नाही. कोलोनोस्कोपी झेपण्यासारखी नसेल तर सीटी स्कॅनने आतडं बघता येतं. मात्र त्यालाही तयारी लागते आणि त्यात पॉलिप दिसला तर तो काढायला शेवटी कोलोनोस्कोपीच करावी लागते.

काहीच सापडलं नाही तर दोन वर्षांनी पुन्हा नेहमीसारखं किट येईल. एखाद-दुसरा छोटा पॉलिप काढला तरी बहुतेकांचं असंच. पाच किंवा जास्त पॉलिप निघाले, किंवा दोन-तीनच पण त्यातला एक सेंटीमीटरभर अथवा मोठा असला, तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. कॅन्सर निघाला तर तुम्हाला थेट त्या विभागाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. स्क्रीनिंगमध्ये सापडलेले कॅन्सर बरेचदा लवकरच्या टप्प्यातले असतात.

आता तुमच्या भावाकडे वळते. इंग्लंडमध्ये 50 ते 74 वयाच्या, जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव असलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी किट आपोआप येतं. 75 नंतर ते येणं बंद होतं, पण हेल्पलाइनवर मागता येतं. (तुमच्याकडे सासूबाई वगैरे राहत असतील आणि त्यांची तिथे जीपीकडे नोंद असेल, तर त्यांच्यासाठी विचारा.) ऑस्ट्रेलियात 50 ते 74 वयाच्यांना दर दोन वर्षांनी मिळतं, आणि 2024 पासून 45 ते 49 वयाचेही मागवू शकतात. अमेरिकेत 45 ते 75 वयात फिटचा मार्ग निवडला तर ती दरवर्षी करायला सांगतात. भारतात सरकारी पातळीवर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, मोठ्या आतड्यासाठी अशी देशव्यापी मोहीम नाही. म्हणजे भावाला करायची तर स्वतःच्या खर्चाने करावी लागेल. 52 व्या वर्षी, काही त्रास नसताना फिट करणं गैर नाही. लॅबला ‘इम्युनोकेमिकल, आकडा देणारी’ चाचणी आहे का ते विचारावं, जुलाब किंवा आव पडत असताना करू नये, आणि निगेटिव्ह आली तर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावी. एकदा करून विसरून जायची असेल तर पैसे वाचवलेले बरे.

पण मी त्यांच्या जागी असते तर आधी बहिणीच्या कोलोनोस्कोपीची वाट बघितली असती. सख्ख्या भावंडाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा मोठा, धोक्याचा पॉलिप निघाला, तर अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाळिशीपासूनच थेट कोलोनोस्कोपी सुचवतात, दर पाच वर्षांनी. तुम्ही 58 च्या आहात. म्हणजे तुमच्या आतड्यात काय निघतं यावर भावाने काडी वापरायची की नळी, हे ठरणार आहे. तुमची टाळाटाळ त्याच्याही खात्यावर जाते. ज्यांच्या घरात हा आजार तरुण वयात झालेला आहे, ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा जुना आजार आहे, किंवा लिंच सिंड्रोम हा आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष आहे, त्यांनीही किटवर भागवू नये. त्यांच्यासाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपीचं वेगळं वेळापत्रक असतं.

पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य मात्र तुमच्या नवऱ्याबद्दलचं आहे. बासष्टाव्या वर्षी पुरुषाचं हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी होतंय, तर लोह जातंय कुठे? पाळीत रक्त जाण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे लगेच ‘शाकाहारी आहेत, खात नाहीत नीट’ म्हणून सोडून देतात. शाकाहाराने लोह कमी होऊ शकतं, पण या वयात आतड्यातून किंवा जठरातून रक्त जात नाही ना, हे बघितल्याशिवाय ते कारण धरायचं नसतं. कपाटातलं किट त्यांच्यासाठी नाही. ते किट लक्षणं नसलेल्यांसाठी आहे आणि त्याची रेषा बरीच वर, बरीच वर्षं 120 ला, धरली गेली आहे. जीपी लक्षणं असलेल्या माणसाची जी फिट करतात, त्यात 10 ही रेषा धरली जाते. म्हणजे त्यांच्या शौचात दर ग्रॅमला 60 मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर कपाटातलं किट ‘पुढील तपासणीची गरज नाही’ असं उत्तर देईल आणि तोच नमुना जीपीमार्फत गेला तर तातडीने पुढे पाठवायला लावेल. लोहाच्या गोळ्यांनी चाचणी बिघडत नाही, तेव्हा ती सबबही नाही. उलट गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर चढलं की सगळे निर्धास्त होतात, म्हणून आत्ताच बघायला हवं. आणि फिट जठरातलं रक्त पकडत नाही, त्यामुळे त्यांची जीपीकडची फिट निगेटिव्ह आली तरी ‘वरून आणि खालून दोन्हीकडून बघायला हवं का?’ असं विचारा.

तेव्हा सोमवारी फोन दोन करा, आणि जीपीचा पहिला. रिसेप्शनिस्टला नुसतं ‘ब्लड टेस्टबद्दल’ सांगू नका, नाहीतर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळेल. ‘वय 62, पुरुष, हिमोग्लोबिन कमी, कारण सापडलेलं नाही, फिट हवी आहे’ असं सांगा. फोन करण्याआधी, वजन उतरलंय का, शौचाची सवय बदललीय का, काळसर शौच होतंय का, हे नवऱ्याला विचारून कागदावर लिहून ठेवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून ते गोळ्या सुरू होण्याआधीपासून होतं का, तेही लिहा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा हिमोग्लोबिनचा आकडा घरात कुठे सापडला तर तोही सोबत न्या.